‘नीडफुल’ला दुसरा शब्द शोधू नका, नीडफुल म्हणजे काय ते लिहा

प्रश्न: मी अंधेरीत एका क्लिअरिंग एजंटकडे इम्पोर्ट डॉक्युमेंटेशनला आहे, दीड वर्ष झालं. नवीन मॅनेजरनी सांगितलंय की मेलमध्ये ‘डू द नीडफुल’ आणि ‘काइंडली रिव्हर्ट’ लिहिणं बंद करा. सीनियर सगळे तेच लिहितात, मीही त्यांच्याकडूनच शिकलो. याऐवजी काय लिहायचं याची यादी मिळेल का? आणि पार्टीला सरळ ‘हे करा’ लिहिलं तर उद्धट नाही का वाटणार?

उत्तर:

यादी देता येईल, पण तिचा उपयोग होणार नाही. आमच्या ऑफिसात तो प्रयोग होऊन गेलाय. एका वर्षी कुणीतरी पर्यायी वाक्प्रचारांचा कागद छापून प्रत्येकाच्या मॉनिटरला चिकटवला. ‘डू द नीडफुल’ऐवजी ‘प्लीज टेक नेसेसरी ॲक्शन’ आणि ‘काइंडली रिव्हर्ट’ऐवजी ‘अवेटिंग युअर रिस्पॉन्स’. महिनाभरात सगळ्यांनी कागदाप्रमाणे लिहायला सुरुवात केली आणि पार्टीचे फोन होते तितकेच राहिले: “तुमचा मेल आलाय, पण करायचं काय आहे?”

मी मशीद बंदरच्या एका क्लिअरिंग ऑफिसात डॉक्युमेंटेशनचं काम सव्वीस वर्षं केलं. शेवटची नऊ वर्षं नव्या मुलामुलींचे मेल बाहेर जाण्याआधी वाचणं हे माझंच काम होतं. तेव्हा मी एकच प्रश्न विचारायचे: “यातलं नीडफुल म्हणजे नेमकं काय रे?” निम्म्या वेळा समोरचा पटकन सांगायचा, “मॅडम, त्यांनी फ्रेट सर्टिफिकेट पाठवायचंय.” मग मी म्हणायचे, हेच लिही. उरलेल्या वेळा तो गप्प व्हायचा किंवा “म्हणजे... जे काय असेल ते” म्हणायचा. तिथे शब्द बदलून काय होणार? काय मागायचं आहे तेच अजून त्याचं त्याला ठरलेलं नसायचं. तुमचीही अडचण बहुतेक वेळा इथेच असेल. ठरवायची एक गोष्ट बाकी असते, आणि ‘नीडफुल’ लिहिलं की ती बाकी आहे हे आपलं आपल्यालाच दिसत नाही.

एक गैरसमज मात्र आधी काढून टाकू. ‘डू द नीडफुल’ हे चुकीचं इंग्रजी नाही. एके काळी खुद्द इंग्लंडात ते सर्रास लिहिलं जायचं. तिथे ते मागे पडलं, आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांच्या फायलींत टिकलं. मराठीत त्याचा सख्खा भाऊ आहेच: ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी’. मंत्रालयातून किंवा महापालिकेतून आलेल्या कुठल्याही पत्राच्या तळाशी तो भेटेल. आणि तिथे तो निरर्थक नसतो. वरच्या कार्यालयातून खालच्या कार्यालयाकडे कागद जातो तेव्हा पुढची कृती कोणती हे नियमांनी ठरलेलं असतं, ती कुणाच्या अधिकारात आहे हेही ठरलेलं असतं. पाठवणाऱ्याने ‘अमुक कलमाखाली अमुक आदेश काढा’ असं लिहिणं उलट अधिकारात ढवळाढवळ ठरेल. तिथे ‘योग्य ती’ म्हणजे ‘तुमच्या अधिकारातली आणि तुम्हाला माहीत असलेली’. आपल्या धंद्यात ही दोन्ही गृहीतकं मोडतात. पार्टीला कस्टम्सची पद्धत माहीत नसते, म्हणून तर तिने आपल्याला पैसे दिलेले असतात. तिलाच ‘जे योग्य ते करा’ म्हणायचं म्हणजे डॉक्टरने पेशंटला ‘योग्य ते औषध घ्या’ म्हणण्यासारखं झालं.

आता एक मेल घेते. त्याने आमच्या ऑफिसचे पंधरा हजार घालवले, म्हणून अक्षरन् अक्षर लक्षात आहे. पार्टी जुनी, नागदेवीला हार्डवेअरचं दुकान, भिवंडीला गोडाऊन. निंगबोहून एक कंटेनर न्हावा शेवाला येत होता: फर्निचरची बिजागरं आणि ड्रॉवरचे चॅनल. जहाज सोमवारी लागणार होतं. गुरुवारी संध्याकाळी पावणेसातला आमच्या मुलाने चेकलिस्ट, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या घोषणापत्राचा मसुदा, तयार केली, गाडी पकडायची होती म्हणून घाईघाईत मेल पाठवला आणि गेला. मेल इंग्रजीत होता, इथे देवनागरीत लिहिते:

“डिअर सर, प्लीज फाइंड अटॅच्ड हियरविथ द चेकलिस्ट फॉर युअर काइंड परूजल. काइंडली चेक द सेम अँड डू द नीडफुल. काइंडली रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट.”

मेल तिघांना गेला: शेठ, त्यांचा पुतण्या आणि अकाउंटंट. ‘डिअर सर’ यांपैकी कोण ते कळायला मार्ग नव्हता. शुक्रवारी अकाउंटंटने चेकलिस्टची प्रिंट काढून फाइलला लावली, कारण त्याच्या दृष्टीने ‘परूजल’साठी आलेला कागद फाइलला लागला की नीडफुल झालंच. पुतण्याला वाटलं काका बघतील. काकांनी मेल उघडला, अटॅचमेंट फोनवर नीट दिसेना, ठेवून दिला. शनिवारी आमच्या मुलाने फोनही केला, नाही केला असं नाही. “सर, मेल पाठवलाय, जरा बघून घ्या.” “हो हो, बघतो.” संपलं. फोनवर तो मेलमधलंच वाक्य मराठीत बोलला होता.

तुम्ही याच कामात आहात, तेव्हा पुढचं तुम्हाला माहीत असेल, पण बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते. २०२१ च्या वित्त कायद्याने कस्टम्स कायद्याचं कलम ४६ बदललं. तेव्हापासून जहाज ज्या दिवशी येणार, त्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरीपर्यंत बिल ऑफ एंट्री, म्हणजे तेच घोषणापत्र, दाखल करावं लागतं, आणि त्यात सुट्टीचा दिवसही धरला जातो. श्रीलंका, बांगलादेश अशा जवळच्या देशांतून येणाऱ्या मालाला थोडी सवलत आहे, चीनला नाही. म्हणजे आमची मुदत रविवारी रात्री बाराला संपत होती. त्यानंतर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये लेट चार्ज. ऑफिसात सगळ्यांच्या डोक्यात हे पक्कं होतं. मेलमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी आमच्याकडून फोन गेला की अप्रूव्हल अजून का नाही. शेठ म्हणाले, “अप्रूव्हल? तुम्ही मागितलं कधी?” बिल बुधवारी दाखल झालं. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवसांचे १५,०००. मग नेहमीचा तमाशा. आमचे साहेब म्हणत होते, “आम्ही गुरुवारीच मेल केला होता.” शेठ म्हणत होते, “वाचून दाखवा, त्यात काय लिहिलंय.” वाचून दाखवल्यावर आमच्या बाजूला बोलायला काही उरलं नाही. पुरेसं कारण असेल तर अधिकारी हा चार्ज माफ करू शकतात, पण अर्ज करायचा म्हटलं तर कारण काय लिहिणार? पार्टीला नीडफुल समजलं नाही, असं? पैसे आमच्या ऑफिसने भरले.

यात मला सगळ्यात शिकवून गेलेला भाग वेगळाच आहे. मी त्या मुलाला बसवून विचारलं की तुला त्यांच्याकडून काय हवं होतं. त्याने एका दमात तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, इन्व्हॉइस एफओबी होतं, म्हणजे किमतीत जहाजाचं भाडं धरलेलं नव्हतं, म्हणून माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरकडून फ्रेट सर्टिफिकेट, भाड्याचा दाखला. दुसरी, इन्व्हॉइसवर नुसतं ‘फर्निचर फिटिंग्ज’ असं मोघम लिहिलेलं, बिजागरं आणि चॅनल वर्गीकरणाच्या वेगवेगळ्या नंबरांखाली जातात, म्हणून पॅकिंग लिस्टवरून त्याने धरलेली विभागणी बरोबर आहे का ते. आणि तिसरी, संपूर्ण चेकलिस्टला लेखी होकार. मुलगा हुशार होता, काम त्याला येत होतं. तिन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात स्पष्ट होत्या आणि ‘नीडफुल’ या एका शब्दात त्या त्याने गुंडाळून ठेवल्या होत्या. पहिली गोष्ट तर पैशांची होती. फ्रेटचा पुरावा नसेल तर मूल्यांकनाच्या नियमाप्रमाणे एफओबी किमतीच्या २० टक्के रक्कम फ्रेट म्हणून धरतात. माल १८ लाखांचा, म्हणजे ३,६०,००० रुपये. प्रत्यक्ष भाडं होतं १,१०,०००. नसलेल्या अडीच लाखांवर शेठ ड्यूटी भरणार होते, आणि ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हे एक वाक्य मेलमध्ये असतं, तर ज्या शेठना फोनवर अटॅचमेंट दिसत नव्हती, त्यांनी दहा मिनिटांत फॉरवर्डरला उठवलं असतं.

त्यानंतर आम्ही तोच मेल पुन्हा लिहून काढला. तो असा:

विषयाच्या ओळीत: “चेकलिस्ट अप्रूव्हल नीडेड बाय फ्रायडे ४ पीएम, इन्व्हॉइस ११८”

“डिअर अमुकभाई,
वी नीड थ्री थिंग्ज फ्रॉम यू बाय फ्रायडे, ४ पीएम.
१. प्लीज सेंड द फ्रेट सर्टिफिकेट फ्रॉम युअर फॉरवर्डर. विदाउट इट, कस्टम्स विल टेक फ्रेट ॲज २० पर्सेंट ऑफ एफओबी, दॅट इज रुपीज ३,६०,०००.
२. वी हॅव टेकन २६० कार्टन्स ॲज हिंजेस अँड १४० ॲज ड्रॉवर चॅनल्स. इज धिस करेक्ट?
३. इफ द रेस्ट ऑफ द चेकलिस्ट इज राइट, प्लीज रिप्लाय ‘अप्रूव्ह्ड’. इफ नॉट, टेल अस व्हिच लाइन टू चेंज.
द व्हेसल अराइव्ह्ज ऑन मंडे, सो द बिल मस्ट बी फाइल्ड बाय संडे मिडनाइट. आफ्टर दॅट द लेट चार्ज इज रुपीज ५,००० अ डे.
अकाउंट्स इज कॉपीड फॉर इन्फर्मेशन ओन्ली.”

आधीच्या मेलपेक्षा लांब आहे, हे खरं. ‘सरळ लिहा’ म्हणजे ‘कमी लिहा’ असं पुष्कळांना वाटतं, ते तसं नाही. पण यातलं प्रत्येक वाक्य कुणाला तरी काहीतरी करायला लावतं किंवा ते आजच का करायचं ते सांगतं. शुक्रवारी चार ही वेळही सहज टाकलेली नाही. रविवार रात्रीची मुदत असताना शुक्रवारी चार सांगितलं की फॉरवर्डरचं ऑफिस चालू असतं, दुरुस्ती निघाली तर शनिवारचा अर्धा दिवस हातात राहतो. खरी मुदतही खाली लिहिली आहे, लपवलेली नाही. खोटी मुदत दिली की पार्टीला दोन मेलांत ते कळतं आणि तिसऱ्या वेळी खऱ्या मुदतीलाही कुणी धूप घालत नाही.

माझ्या मते या मेलमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची आहे. ‘अकाउंट्सला फक्त माहितीसाठी.’ तीन जणांना एकच विनंती पाठवली की ती कुणालाच पाठवलेली नसते. ‘टू’मध्ये एकच माणूस, त्याचं नाव, आणि बाकीच्यांना आपण कशासाठी आहोत ते स्पष्ट. ही रीत आपल्या सरकारी पत्रांत आहेच की, ‘प्रत माहितीस्तव’ असं खाली वेगळं लिहितात. ज्यांच्याकडून आपण ‘योग्य ती कार्यवाही’ उचलली, त्यांच्याकडून हेही उचलायला हवं होतं.

आता ‘काइंडली रिव्हर्ट’. हा शब्द ‘नीडफुल’पेक्षा जास्त धोक्याचा आहे, कारण ‘नीडफुल’ फक्त मोघम आहे, ‘रिव्हर्ट’चा उलटा अर्थ निघू शकतो. भारतात, सिंगापुरात, मलेशियात ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर देणं हे सगळ्यांना कळतं. मुंबईतल्या मुंबईत कुणाचा गोंधळ होणार नाही. पण इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं असा आहे. तुम्ही जर्मनीतल्या सप्लायरला लिहिलंत, “काइंडली रिव्हर्ट ऑन द रिव्हाइज्ड प्राइस”, तर तो विचारात पडणार: उत्तर द्यायचं, की नवीन भाव सोडून जुन्या भावावर जायचं? आमच्याकडे एकदा अगदी असंच झालं. सुधारित प्रोफॉर्माबद्दल ‘रिव्हर्ट’ करायला सांगितलं, तिकडून प्रामाणिकपणे जुनाच प्रोफॉर्मा पुन्हा आला, वर दिलगिरी. दोन दिवस गेले. ‘रिव्हर्ट बॅक’बद्दल तर काही बोलतच नाही.

पण इथेही ‘रिव्हर्ट’ खोडून ‘रिप्लाय’ लिहिलं की काम झालं असं समजू नका. ‘प्लीज रिप्लाय’ वाचून समोरचा विचारणार, कशाला? उत्तर हवं असेल तर आधी प्रश्न हवा, आणि त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह हवं. जुने मेल काढून बघा, ‘काइंडली रिव्हर्ट’ने संपणाऱ्या किती मेलांत एकही प्रश्नचिन्ह नाही ते. प्रश्न असा विचारायचा की गाडीत उभ्याने, एका हाताने, एका शब्दात उत्तर देता येईल. “प्लीज कन्फर्म युअर व्ह्यूज ऑन द डिलिव्हरी” याला कुणी उत्तर देत नाही. “कंटेनर भिवंडीला मंगळवारी उतरवू की बुधवारी?” याला मिनिटात ‘बुध’ असं येतं. आणि उत्तर नकोच असेल तर तसं लिहा. ‘नो रिप्लाय नीडेड’ हे तीन शब्द वाचून लोकांना फार बरं वाटतं.

काही जण सल्ला देतात की मेलच्या शेवटी ‘अमुक वेळेपर्यंत उत्तर आलं नाही तर आम्ही होकार समजू’ असं टाकावं. ट्रक कुठल्या दिवशी लावायचा यासारख्या गोष्टीला ते चालतं, मीही केलंय. चेकलिस्टला मात्र ते कधीही करू नका. बिल ऑफ एंट्री हे पार्टीचं कायदेशीर घोषणापत्र आहे. मौनाला होकार समजून वर्गीकरण किंवा किंमत भरलीत आणि उद्या चौकशी निघाली, तर लायसन्स धोक्यात येईल आणि ‘तुमच्याकडून उत्तर आलं नव्हतं’ हा एक मेल, एवढंच तुमच्या हातात राहील.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. मराठीत आदर क्रियापदात बसतो. ‘पाठव’, ‘पाठवा’, ‘पाठवाल का’, ‘पाठवावे’. शेवटचा प्रत्यय बदलला की नातं बदलतं, वेगळा शब्द लागत नाही. इंग्रजीत ‘सेंड’ एकच. ते आपल्याला ‘पाठव’सारखं ऐकू येतं, म्हणून आपण पुढे ‘काइंडली’ लावतो, मग ‘रिक्वेस्ट यू टू’ लावतो, मग ‘युअर गुडसेल्फ’पर्यंत जातो. या सगळ्यात एवढा आदर साचतो की मागणी कुठे होती ते सापडत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला ‘प्लीज सेंड’ हे ‘पाठव’ असं ऐकू येत नाही, ‘पाठवा’ असंच ऐकू येतं. एक ‘प्लीज’ पुरतं. त्याच्या जोडीला कारण दिलं की तो हुकूम वाटत नाही. वरच्या मेलमधलं ‘विदाउट इट’ने सुरू होणारं वाक्य काढून बघा, तोच मेल लगेच खडूस वाटायला लागतो. नम्रता मी त्या कारणात ठेवते, ‘काइंडली’त नाही.

हे सगळ्यांना सारखं लागू होत नाही, हेही सांगायला हवं. कस्टम हाउसमधल्या अधिकाऱ्याला पत्र लिहिताना तिथला साचा पाळा. ‘रिस्पेक्टेड सर’ राहू दे, शेवटचं आभाराचं वाक्य राहू दे. फक्त मधल्या परिच्छेदात विनंती नेमकी असू दे: कुठल्या बिलात, कुठल्या रकान्यात, कशाच्या जागी काय. ‘काइंडली अमेंड ॲज डीम्ड फिट’ लिहिलंत तर कागद शेरा मारून परत येईल. जुन्या शेठ लोकांचं निराळं. त्यांना आधी फोन, दोन मिनिटं तब्येतीची चौकशी, मग तीन कामं तोंडी सांगायची आणि लगेच तोच मजकूर मेलने. फोनवर गोडवा, मेलमध्ये नेमकेपणा, अशी वाटणी केली की दोन्हीची सरमिसळ करायची गरज पडत नाही. आणि आपल्याच साहेबांना लिहिताना निर्णय त्यांचा ठेवा: “फ्रेट सर्टिफिकेट आलेलं नाही. २० टक्क्यांवर आज फाइल करायचं की उद्या दुपारपर्यंत थांबायचं? मला थांबावं असं वाटतं, मुदत रविवारपर्यंत आहे.” यात कुणाला उद्धटपणा दिसेल असं मला वाटत नाही.

एक प्रसंग असा येतो जिथे काय करावं लागेल हे तुम्हाला खरंच माहीत नसतं, समोरच्याला माहीत असतं. उदाहरणार्थ शिपिंग लाइनच्या सिस्टममध्ये पार्टीचं नाव चुकलंय, ते दुरुस्त करायची त्यांची पद्धत काय ते आपल्याला ठाऊक नाही. तिथे ‘नीडफुल’चा मोह सगळ्यात जास्त होतो. अशा वेळी कृती सांगू नका, शेवटी हातात काय हवंय ते सांगा: “डिलिव्हरी ऑर्डरवर नाव अमुक असं आलं पाहिजे, बुधवारी दुपारपर्यंत. आमच्याकडून कुठली कागदपत्रं लागतील ते कळवा.” कसं करायचं ते त्यांच्यावर, काय व्हायला हवं ते आपल्यावर.

बाकीच्या वाक्प्रचारांवर फार वेळ घालवू नका. ‘द सेम’च्या जागी वस्तूचं नाव लिहा. ‘हियरविथ’ नुसतं उडवा. ‘ॲज डिस्कस्ड’ लिहिलंत तर काय बोलणं झालं ते पुढच्याच वाक्यात लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी त्या मेलवरून भांडायची वेळ आली की दोन्ही बाजूंना आपापली चर्चा आठवते. ‘ईओडी’, म्हणजे ‘दिवसअखेरीपर्यंत’, असं परदेशी माणसाला लिहू नका. तुमची संध्याकाळ होते तेव्हा जर्मनीत दुपार असते, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचारचा. ‘५ पीएम इंडिया टाइम’ असं लिहा. ‘जेंटल रिमाइंडर’ला माझी फारशी हरकत नाही, फक्त त्याखाली जुना मेल जोडून मोकळं होऊ नका, मागणी पुन्हा वर लिहा. खाली स्क्रोल करून कुणी जात नाही.

राहता राहिले तुमचे सीनियर, जे अजून तेच लिहिणार. त्यांना सुधारायला जाऊ नका. दीड वर्षाच्या नोकरीत ते परवडत नाही, आणि खरं सांगायचं तर वीस वर्षांच्या नोकरीतही मला परवडलं नाही. त्यांच्याकडून ‘डू द नीडफुल’ आलं तर उत्तरात तुम्हाला समजलेलं नीडफुल लिहून टाका: “सर, फॉरवर्डरकडून फ्रेट सर्टिफिकेट मागवतो आणि पार्टीचं अप्रूव्हल घेतो, उद्या चारपर्यंत. याशिवाय काही असेल तर सांगा.” पाचातल्या चार वेळा ‘ओके’ येतं. पाचव्या वेळी साहेब स्वतःच फोन करतात, “अरे, ते नव्हतं म्हणायचं मला,” आणि मग पाच मिनिटं विचार करून काय म्हणायचं होतं ते सांगतात.